टाकीत उंदीर मेला तर

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मेलेला उंदीर बहुधा तहानेनेच तिथवर आलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत आसपासची डबकी आटतात आणि उघड्या गटारांतही ओल उरत नाही. अशा वेळी टाकीच्या झाकणाखालून येणारा पाण्याचा वास उंदराला लांबूनही कळतो. घरांतला काळा उंदीर चढण्यात तरबेज असतो. भिंतीलगतच्या पाइपावरून, केबलवरून किंवा गच्चीवर झुकलेल्या फांदीवरून तो सहज वर पोचतो आणि जेमतेम दोन सेंटिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. घूस वजनाने जड आणि जमिनीलगत राहणारी असल्यामुळे ती सहसा वरच्या टाकीत सापडत नाही. ती सापडते जमिनीखालच्या टाकीत.

उंदीर चांगला पोहणारा असूनही बुडतो, याचे कारण टाकीची भिंत. प्लास्टिकची टाकी आतून गुळगुळीत असते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर उंदीर तोंडाशी पोचून बाहेर पडू शकतो. पण घरात पाणी वापरले जाते तशी पातळी खाली जाते, काठ हाती लागत नाही आणि तो दमून बुडतो. पक्ष्यांची गत थोडी वेगळी. वळवाच्या वाऱ्याने झाकण उडाले की कबूतर, साळुंकी किंवा कावळा पाणी प्यायला आत उतरतो. पंख भिजल्यावर पक्ष्याला सरळ वर उडता येत नाही आणि तिरके उडायला आत जागा नसते. कबुतराने कोरड्या कडेवर घरटे केले असेल, तर पिल्लू पडण्याचीही शक्यता असते.

घरातल्या माणसांना हे आधी नाकाने कळते. बहुतेक वेळा पहिली तक्रार गरम पाण्याची असते, कारण तापलेल्या पाण्यातून वास लवकर सुटतो. आंघोळीच्या बादलीवर हलका तेलकट तवंग दिसतो. बेसिनच्या नळाला पाण्याची धार मऊ करणारी बारीक जाळी बसवलेली असते. ती फिरवून काढली तर तिच्यात करडे केस किंवा पिसाचे तुसे अडकलेले सापडतात. नळाला धार कमी येते म्हणून ती जाळी काढावी आणि टाकीतला प्रकार उघडकीस यावा, असेही होते.

प्राणी कधी मेला असावा याचा अंदाज त्याच्या अवस्थेवरून बांधता येतो. बुडालेले शरीर आधी तळाला जाते. आतली आतडी कुजू लागून वायू साठला की ते फुगून वर येते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात याला साधारण दोन-चार दिवस लागतात. म्हणजे फुगून तरंगणारा उंदीर दिसला, तर निदान दोन दिवस तरी त्या टाकीचे पाणी घरभर फिरले आहे असे धरून चालावे. केस गळून अंगाची साल सुटत असेल तर काळ आणखी मोठा. तळाशी पडलेला, ताठ पण न फुगलेला उंदीर नुकताच मेलेला असतो. हा हिशेब पुढे दोन ठिकाणी कामी येतो: घरातली कोणती साठवण टाकायची हे ठरवताना आणि कुणाला ताप आला तर डॉक्टरांना सांगताना.

उंदीर बाहेर काढला की पाणी दिसायला पूर्वीसारखेच होते, आणि बरीच घरे इथेच थांबतात. खरा प्रश्न मागे राहिलेल्या गोष्टींचा असतो. उंदराच्या आतड्यात आणि पक्ष्याच्या विष्ठेत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई-कोलाय असे पोट बिघडवणारे जिवाणू असतात. उंदराच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा राहू शकतात आणि ते लघवीवाटे पाण्यात उतरतात. शिवाय कुजणाऱ्या शरीरातली प्रथिने आणि चरबी पाण्यात मिसळतात. त्यातले काही गाळात बसते, काही भिंतीवरच्या बुळबुळीत थरात रुजते, काही पाइपातून पुढे जाते. महापालिकेच्या पाण्यात घरापर्यंत जे थोडेसे क्लोरीन शिल्लक येते ते या सेंद्रिय घाणीत काही वेळातच खर्ची पडते, आणि त्यानंतर जिवाणूंना आडकाठी उरत नाही.

टाकीतल्या गाळाचे काय होऊ शकते, याचे एक नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. मिसुरी राज्यातल्या गिडियन या जेमतेम अकराशे वस्तीच्या गावाला विहिरीचे पाणी क्लोरीन न घालता पुरवले जाई. १९९३ च्या नोव्हेंबरात पाण्याला चव आणि वास येतो अशा तक्रारी आल्या, म्हणून गावातल्या वाहिन्या धुऊन काढण्यात आल्या. त्यासाठी एकदम भरपूर पाणी सोडले गेले, उंच टाक्यांतली पातळी झपाट्याने खाली आली आणि तळाचा गाळ ढवळून वाहिन्यांत उतरला. त्यानंतर साल्मोनेलाची साथ पसरली. सहाशेहून अधिक लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे आणि शुश्रूषागृहातले सात वृद्ध दगावले. तपासात एका टाकीत कबुतरांची विष्ठा आणि पिसे सापडली. घरच्या टाकीला हे उदाहरण थेट लागू पडते: टाकी रिकामी करण्यासाठी घरातले सगळे नळ सोडून देणे ही सगळ्यात सोपी, पण सगळ्यात चुकीची पद्धत आहे. त्याने तळाची घाण घरभरच्या पाइपांत ओढली जाते.

म्हणून प्राणी दिसताच पहिले काम टाकीतून खाली जाणारा कॉक बंद करण्याचे. दुसरे काम टाकी भरणारी वाट थांबवण्याचे. मोटर बंद करावी, आणि पातळी उतरताच मोटर आपोआप सुरू करणारे यंत्र बसवलेले असेल तर त्याचेही बटण बंद करावे. नाहीतर टाकी धुणाऱ्याच्या अंगावरच पाणी सुरू होते. गीझर बंद करावा. घरातल्या सर्वांना, कामाला येणाऱ्या बाईंना आणि खालच्या भाडेकरूंनाही सांगावे. एका टाकीवर दोन बिऱ्हाडे असतील तर दुसऱ्या बिऱ्हाडाला हे कळायचे राहून जाते, असा अनुभव आहे.

प्राणी काढताना रबरी हातमोजे घालावेत. लांब दांड्याची जाळी, जुनी चाळणी किंवा मोठा डाव वापरला तरी चालतो. तो नंतर टाकून द्यावा. फुगलेले शरीर ओढताना फुटू नये म्हणून खालून आधार देऊन उचलावे. ते प्लास्टिकच्या एकात एक अशा दोन पिशव्यांत घालून, तोंड घट्ट बांधून महापालिकेच्या कचऱ्यात वेगळे द्यावे. गावात पिशवीतून काढून दोन-तीन फूट खोल पुरावे. टाकीत एखादे कबूतर बुडून मेले असेल तर त्यात नवल नाही. पण परिसरात एकाच वेळी कावळे, कोंबड्या किंवा इतर पक्षी मरून पडत असतील, तर बाब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावी. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळल्यापासून अशी माहिती त्या खात्याला हवीच असते.

उंदीर औषध खाऊन मेला असेल तर पाण्यात विष उतरले का, ही शंका घरोघरी निघते. हल्ली वापरात असलेली बरीच औषधे रक्त गोठू न देणारी असतात आणि उंदराच्या पोटातली त्यांची मात्रा शेकडो लिटर पाण्याच्या मानाने अगदी किरकोळ असते. हे पाणी टाकून देण्याचे कारण ते विष नसून कुजणे आणि जिवाणू हे आहे. मात्र औषधाची वडी किंवा पुडी टाकीत पडली असण्याची शंका असेल तर ते पाणी भांडी धुवायलाही वापरू नये, आणि उकळून ते सुरक्षित होईल अशी आशा ठेवू नये. उकळल्याने जिवाणू मरतात, विष जात नाही.

पुढचे सगळे काम एका नेहमीच्या घरावरून पाहू. चार माणसांचे एकमजली घर, गच्चीवर एक हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी, शेजारी सोलर, नगरपालिकेचे पाणी दिवसाआड. टाकीत सहाशे लिटर पाणी आहे आणि त्यावर फुगलेला उंदीर तरंगतो आहे.

हे सहाशे लिटर पाणी टाकून द्यावेच लागते, आणि दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे जिवावर येते. म्हणूनच इथे सर्वात मोठी चूक होते. मूठभर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, त्याच पाण्यात टाकून दोन तासांनी ते वापरायला घेतले जाते. क्लोरीन घाण आणि जिवाणू यांत भेद करत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी ते आधी जुळते आणि संपते. कुजलेल्या शरीराने गढूळलेल्या पाण्यात मूठभर पावडरीतले क्लोरीन मुख्यतः त्या घाणीवरच खर्च होते, आणि गाळाच्या कणांत व भिंतीवरच्या थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत ते पोचतही नाही. तरीही पाण्याला उग्र वास येतो, कारण क्लोरीन घाणीशी जुळून तयार होणाऱ्या पदार्थांचा वास शुद्ध क्लोरीनपेक्षा जास्त बोचरा असतो. त्या वासावरून पाणी शुद्ध झाल्याचा समज होतो. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जिवाणू मरत नाहीत.

टाकीला तळाशी वॉशआउटचा कॉक असेल तर पाणी त्यातून गटारात सोडावे. पण बऱ्याच घरगुती टाक्यांना तो बसवलेलाच नसतो. मग तोंडातून पाइप सोडून, त्यात पाणी भरून, दुसरे टोक खाली गटारापर्यंत नेले की पाणी आपोआप उतरू लागते. हे पाणी भाजीच्या वाफ्यांत किंवा गोठ्यातल्या हौदात सोडू नये. घरात जाणारा पाइप टाकीच्या तळापासून काही सेंटिमीटर वर जोडलेला असतो, त्यामुळे शेवटचे वीस-तीस लिटर पाणी आणि सगळा गाळ आतच राहतो. तो मग्याने, स्पंजाने किंवा पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने काढावा लागतो. कंटाळा येतो तो इथे, आणि याच गाळात सगळ्यात जास्त घाण असते.

एवढ्या टाकीचे काम बाहेर उभे राहून लांब दांड्याच्या नायलॉनच्या ब्रशने होते. घासायला तारेचा ब्रश घेऊ नये. त्याने प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत घट्ट बसतो. आधी झाकणाची आतली बाजू, मग भिंती वरून खाली आणि शेवटी तळ असे घासत यावे. पाण्याच्या रेषेच्या वरची कोरडी पट्टी विसरू नये. बाहेर पडायची धडपड करताना उंदीर तिथेच घसटलेला असतो आणि त्याचे केस व लेंड्या तिथेच चिकटतात. बॉलकॉकचा दांडा आणि फुगा सगळीकडून पुसावा. घरात जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बोट फिरवून पिसे किंवा हाडाचा तुकडा अडकलेला नाही याची खात्री करावी. फिनेल, अ‍ॅसिड किंवा सुगंधी साबण टाकीत नेऊ नये. फिनेलचा अंश राहिला आणि नंतर क्लोरीनचे पाणी आले तर औषधासारखी एक घाणेरडी चव येते आणि ती बरेच दिवस जात नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी वायूच सुटतो. घासून झाल्यावर टाकी दोनदा स्वच्छ पाण्याने विसळून ते पाणीही बाहेर काढावे.

सोसायटीची काँक्रीटची टाकी किंवा जमिनीखालची टाकी यांचे काम वेगळ्या जातीचे आहे. तिथे माणूस आत उतरतो. बंद टाकीत, विशेषतः कुजण्याची क्रिया चालू असताना, प्राणवायू कमी असू शकतो, आणि त्यात ब्लीचिंगची वाफ मिसळली तर आतला माणूस आवाज न देता कोसळू शकतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तसाच अडकतो. झाकण बराच वेळ उघडे ठेवून पंख्याने हवा खेळवणे, कमरेला दोर, वर लक्ष ठेवणारा माणूस, मोटरचा आणि दिव्याचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून तोडलेला असणे, यांतले काही नसेल तर ते काम टाकी साफ करणाऱ्या जाणत्या कंत्राटदाराकडेच द्यावे. पावडर टाकल्यावर तर आत उतरूच नये.

टाकी स्वच्छ झाल्यावरच क्लोरीनचा उपयोग सुरू होतो. रिकाम्या टाकीसाठी लागणारी तीव्रता पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनच्या कितीतरी पट असते: दर लिटरला ५० मिलिग्रॅम. हजार लिटरची टाकी काठोकाठ भरायची तर ५० ग्रॅम क्लोरीन लागेल. बाजारात ते शुद्ध रूपात मिळत नाही. चांगल्या, ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढे कामाचे क्लोरीन असते. २५ टक्के धरले तर हिशेब असा येतो:

```
५० मिग्रॅ × १००० लिटर = ५० ग्रॅम क्लोरीन
५० ÷ ०.२५ = २०० ग्रॅम पावडर (२५ टक्क्यांची)
५ टक्क्यांचे द्रव ब्लीच असल्यास : १ लिटर
१० टक्क्यांचे असल्यास : अर्धा लिटर
```

पावडरीचे पोते उघडे राहिले, त्याला दमट हवा आणि ऊन लागले, की ती ताकद उतरत जाते. गोळे झालेल्या, वास गेलेल्या पावडरीत काही दम उरलेला नसतो, आणि अंदाजाने ती दुप्पट टाकण्यापेक्षा नवी आणलेली बरी. द्रव ब्लीचही महिन्यांगणिक कमजोर होते. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण आणि तारीख पाहावी. सुगंध किंवा दाटपणा आणणारे पदार्थ घातलेले कपड्यांचे वा फरशीचे ब्लीच इथे चालत नाही.

२०० ग्रॅम पावडर तशीच टाकीत फेकू नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घेऊन त्यात पावडर थोडी थोडी सोडत लाकडी काठीने ढवळावी आणि अर्धा तास स्थिर ठेवावी. चुन्याचा साका तळाशी बसतो आणि वर फिकट निवळ राहते. ती निवळ टाकीत ओतावी, साका टाकून द्यावा. हातात हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि वारा पाठीमागून येईल अशी उभे राहण्याची जागा असावी. टाकीत पाव भाग पाणी असताना ही निवळ ओतली आणि मग टाकी भरू दिली, तर पडणाऱ्या धारेने ती सगळीकडे आपोआप मिसळते. ब्रिटनमध्ये घरगुती टाक्यांसाठी या तीव्रतेला एक तास पुरेसा मानतात. आपत्तीच्या काळासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या पद्धतीत असे पाणी २४ तास ठेवायला सांगितले आहे. घरात कुजलेला प्राणी निघाला असेल तर निदान रात्रभर ठेवणे शहाणपणाचे.

जिथे हजार लिटर पाणी यासाठी घालवणे परवडत नाही, तिथे दुसरी वाट आहे. तीव्रता चौपट, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि पाणी फक्त दहा लिटर. दहा लिटर पाण्यात ८ ग्रॅम पावडरीची निवळ किंवा ५ टक्क्यांचे ४० मिलिलिटर द्रव मिसळून ते झाकण, भिंती आणि तळ यांवर ब्रशने किंवा फवाऱ्याने लावावे. अर्धा तास पृष्ठभाग ओला राहील असे पुन्हा पुन्हा लावत राहावे आणि मग विसळून टाकावे. टाकी यानेही निर्जंतुक होते. पाइप मात्र होत नाहीत, आणि दोन-चार दिवस घाणीचे पाणी फिरलेल्या घरात पाइपांनाही औषध पाजावेच लागते. त्यासाठी टाकीत शंभर-दोनशे लिटर पाणी घेऊन त्याच ५० च्या हिशेबाने क्लोरीन मिसळावे. दोनशे लिटरला ४० ग्रॅम पावडर पुरते.

पाइपांत ते पाणी सोडण्याआधी पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची जोडणी तोडावी, कारण आरओच्या पडद्याला क्लोरीन मानवत नाही. कपड्याच्या मशीनचा आणि गीझरचा कॉकही तेवढ्यापुरता बंद करावा. मग टाकीला सगळ्यात जवळचा नळ आधी, लांबचा शेवटी, या क्रमाने प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावा. संडासची टाकी, अंगणातला नळ, पाहुण्यांच्या खोलीतले न वापरलेले बेसिन, काही सुटू नये. एखाद्या नळाला वास यायला फारच वेळ लागला तर त्या वाटेत घाण जास्त आहे असे समजावे. पाणी पाइपात रात्रभर राहू द्यावे. या काळात नळाशी कुणी जाऊ नये म्हणून त्यांना दोरा बांधून ठेवणारी घरे असतात, आणि लहान मुलांच्या घरात ती युक्ती खरेच उपयोगी पडते.

सकाळी हे पाणी गटारात सोडावे. घराला सेप्टिक टँक असेल तर त्यात मोठ्या प्रमाणात जाऊ देऊ नये, कारण तिथले काम जिवाणूंवरच चालते. झाडांना आणि जनावरांनाही ते देऊ नये. गीझर आणि सोलर मात्र वेगळे रिकामे करावे लागतात. सोलरच्या टाकीत शंभर-दोनशे लिटर पाणी साठलेले असते आणि ते वरच्या टाकीतूनच आलेले असते. गच्चीवरची टाकी चकाचक झाल्यावरही आंघोळीच्या पाण्याला वास येत राहिला, तर दोष बहुधा तिथे निघतो. फिल्टरमधली गाळ अडवणारी आणि कोळशाची कांडी बदलावी. जुन्या कोळशात जिवाणूंना हवे ते सगळे मिळते.

आता टाकी नेहमीच्या पाण्याने भरावी. हे पाणी प्यायला योग्य झाले का, हे नाकावर सोडू नये. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ज्या ओटी चाचणीने विहिरीचे पाणी तपासतो, तीच इथे चालते. परीक्षानळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते आणि तो पिवळेपणा रंगपट्टीशी ताडून पाहतात. रंग दहा-पंधरा सेकंदांत आला तर तो मोकळ्या क्लोरीनचा. हळूहळू गडद होत गेला तर क्लोरीन अजून कुठल्या तरी घाणीशी जुळलेले आहे. चाचणीचे पाणी ओतून द्यावे. दुसऱ्या दिवशी रंग अजिबात आला नाही, तर पुरवठ्याचे पाणीच क्लोरीनविना आले असेल किंवा टाकीत अजून काहीतरी शिल्लक आहे. पहिली शक्यता असेल तर हजार लिटरला २५ टक्क्यांची चार ग्रॅम पावडर, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन, निवळ करून घालावी आणि तासाभराने पुन्हा तपासावे. त्यानंतरही रंग नसेल तर टाकी पुन्हा उघडण्याला पर्याय नाही.

क्लोरीन शिल्लक आहे म्हणजे जिवाणू नाहीतच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यासाठी दोन-तीन दिवसांनी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही आढळता कामा नये. नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते. तिच्या तळाला पांढरी भुकटी असते, ती क्लोरीन मारण्यासाठी असल्यामुळे धुऊन टाकू नये. नळाची जाळी काढावी, तोंड पुसावे, दोन मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि बाटलीच्या तोंडाला बोट न लावता ती भरावी. बर्फावर ठेवून ती त्याच दिवशी पोचवावी. निकाल हाती येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते.

दरम्यान स्वयंपाकघराचेही काम उरते. प्राणी किती दिवस आत होता या अंदाजानुसार माठातले पाणी, फ्रीजमधल्या बाटल्या, बर्फ, सरबत, इडलीचे भिजवलेले पीठ असे न शिजवलेले सगळे टाकून द्यावे. माठ घासून उन्हात वाळवावा. दात घासण्याचा ब्रश बदलणे फार खर्चाचे नाही.

असे पाणी पोटात गेलेली सगळीच माणसे आजारी पडतात असे नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. जुलाब, उलट्या किंवा पोटदुखी झाली तर ती साधारण पहिल्या आठवड्यात होते. लेप्टोचा काळ लांबतो: दोन दिवसांपासून ते महिन्यापर्यंत, बहुधा एक-दोन आठवडे. हे जिवाणू शरीरात शिरतात ते प्रामुख्याने भेगा, जखमा आणि डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेतून. म्हणून पाणी उकळून पिणाऱ्या पण त्याच पाण्याने आंघोळ केलेल्या माणसानेही बेसावध राहू नये. जोराचा ताप, पिंढऱ्यांत ठणका, डोळे लाल होणे आणि पुढे कावीळ ही त्याची ओळख. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतल्या डॉक्टरांना ही लक्षणे पाठ झाली आहेत. पण महापुराविना, भर उन्हाळ्यात आलेल्या रुग्णाच्या बाबतीत लेप्टो सुचायला टाकीतल्या उंदराची हकिकत डॉक्टरांच्या कानावर घालावी लागते. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बाबतीत ताप किंवा जुलाब सुरू होताच दवाखाना गाठावा. आधीच प्रतिजैविके घेऊन ठेवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचा.

शेवटी राहते ती वाट, जिथून प्राणी आत आला. टाकीच्या झाकणाला उन्हाने तडे जातात आणि त्याची आट्यांची पकड ढिली होते. असे झाकण वर वीट ठेवून भागवण्यापेक्षा नवे आणणे स्वस्त पडते. झाकण मात्र टाकीच्या तोंडाच्या नेमक्या मापाचे हवे, कारण दुसऱ्या मापाचे झाकण बसल्यासारखे वाटते पण एका बाजूने बोटभर उचललेले राहते. बहुतेक वेळा खरा दरवाजा ओव्हरफ्लोचा पाइप असतो: इंच-दीड इंचाचा, बाहेर उघडा आणि आत थेट टाकीत. त्याच्या तोंडावर स्टीलची जाळी घट्ट क्लिपने बांधावी. उंदरांची पिल्ले आणि चिचुंद्र्या यांचा विचार करता जाळीची छिद्रे सहा मिलिमीटरपेक्षा लहान हवीत. ती डास अडवण्याइतकी बारीक घेतली तर डेंग्यूच्या डासाचाही बंदोबस्त होतो, फक्त ती शेवाळाने तुंबते म्हणून दर दोन महिन्यांनी खरवडावी लागते. नायलॉनची जाळी उंदीर कुरतडतो. बॉलकॉकचा पाइप टाकीत शिरतो तिथली भोवतालची फट सिमेंटने किंवा सीलंटने बुजवावी, आणि पाइपाला चिकटलेली वेल किंवा टाकीवर टेकलेली फांदी छाटून टाकावी.